बरिस्ता आणि बारटेंडिंगचं सर्टिफिकेट: बेळगावातले कॅफेवाले ते बघतात का?

रानजाई

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूरचे. धाकट्या भावाचं बीकॉम यंदा बेळगावात पूर्ण झालं. कॉलेज सांभाळून तो संध्याकाळी एका कॅफेत काउंटरवर असायचा, म्हणजे ऑर्डर घ्यायची, बिल करायचं, टेबलं बघायची. कॉफीच्या मशीनला हात लावायला कधी मिळालं नाही. आता त्याला तेच, म्हणजे बरिस्ताचं काम, शिकायचंय आणि त्यातच पुढे जायचंय. बाबांची इच्छा बँकेच्या परीक्षेची आहे, तो विषय घरात चालू आहे, इथे नको.

त्याच्यासमोर दोन वाटा आहेत. एक, बेळगावातलाच 3 महिन्यांचा 'बरिस्ता आणि बारटेंडिंग डिप्लोमा'. फी 45 हजार, शेवटी 'आंतरराष्ट्रीय मानकांनुसार' सर्टिफिकेट आणि नोकरीची हमी. दुसरी, बेंगळुरूला जाऊन चार-पाच दिवसांचा फक्त कॉफीचा कोर्स. फी त्याच्या निम्म्याच्या आसपास, खरं राहण्याजेवणाचा खर्च वेगळा.

प्रश्न असा की कॅफेचे मालक नोकरी देताना हे कागद बघतात का? आणि कोर्समध्ये हाताला खरोखर काम मिळणार की नाही, हे पैसे भरायच्या आधी कसं ओळखायचं?

निपाणकर

ताई, सर्टिफिकेटशिवाय आता काही होत नाही. सरकारनंच सक्ती केली आहे. खाण्यापिण्याच्या धंद्यात काम करणाऱ्याकडे प्रशिक्षणाचा दाखला लागतो. माझ्या मेहुण्याच्या हॉटेलात तपासणीला आले होते, त्यांनी पहिल्यांदा तोच मागितला. त्यामुळे डिप्लोमा करून टाका. तीन महिने म्हणजे भरपूर शिकवतील.

अण्णा_शहापूर

कॅफे काढताय होय? चांगलं आहे, खरं जागेचं भाडं आधी बघा. कॉलेज रोडला आता परवडत नाही. आणि मशीनच्या नादाला लागण्यापेक्षा फिल्टर कॉफी ठेवा. पितळेचा मोठा फिल्टर, कूर्गची पावडर, चिकोरी बेताची. सकाळी सात ते दहा गर्दी हटणार नाही. आमच्या गल्लीत एकानं असंच सुरू केलं, आज त्याच्याकडे चार पोरं कामाला आहेत.

रानजाई

अण्णा, कॅफे काढायचा नाही हो, भावाला नोकरी करायची आहे. खरं फिल्टर कॉफीचं त्याला नक्की सांगते.

कपबशी

टिळकवाडीत माझा छोटा कॅफे आहे, दोन ग्रुपचं मशीन, म्हणजे एका वेळी दोन जागी कॉफी निघणारं, मी धरून पाच जण. म्हणून मालकाच्या बाजूनं सांगतो.

आधी निपाणकरांचं. तुम्ही म्हणताय तो दाखला वेगळा. तो अन्नसुरक्षेचा, एफएसएसएआयच्या 'फॉस्टॅक' प्रशिक्षणाचा. दर 25 कामगारांमागे असा एक प्रशिक्षित सुपरवायझर लागतो आणि ती जबाबदारी मालकाची असते. त्याशिवाय प्रत्येक कामगाराची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी. तपासणीला आलेले लोक हे मागतात. बरिस्ताचं सर्टिफिकेट आजवर माझ्याकडे कुणी मागितलेलं नाही. उलट पोरानं फॉस्टॅक करून ठेवलं तर माझ्यासारख्या छोट्या मालकाला ते खरंच उपयोगी पडतं.

आता मुख्य प्रश्न. अर्जासोबत सर्टिफिकेट असलं तर मी फोन करतो, एवढाच त्याचा उपयोग. मुलाला विषयाची आवड आहे, पदरचे पैसे घातलेत, एवढं त्यातून कळतं. पुढचा निर्णय ट्रायलवर होतो.

गेल्या पावसाळ्यात दोघांची ट्रायल घेतली. दोघांकडेही कोर्सचे कागद होते. मी ग्राइंडर मुद्दाम जाडसर लावून ठेवला होता. आमचं एका शॉटचं रोजचं माप 18 ग्रॅम पावडरीतून 36 ग्रॅम कॉफी, 25 ते 30 सेकंदांत. त्या दिवशी ती 14 सेकंदांत पडत होती, फिक्या रंगाची आणि आंबट. पहिल्या मुलानं शॉट काढला, त्यावर दूध घातलं आणि फेसानं इतकं सुंदर पान काढलं की मीच बघत राहिलो. कप पुढे केला. चव घेतली नाही, घड्याळ बघितलं नाही. दुसऱ्या मुलीनं शॉट पडतानाच मान हलवली. चमच्यानं चव घेतली, तो शॉट ओतून दिला, ग्राइंडर थोडा बारीक केला. मग जुन्या सेटिंगची जी पावडर आत अडकून राहते ती थोडी दळून टाकून दिली आणि पुन्हा काढला. 19 सेकंद. अजून थोडा बारीक. 27. तिचं पान म्हणजे नुसता ढग होता. तिलाच घेतलं. पान काढायला तिला आमच्याकडे महिन्याभरात आलं असेल. ग्राइंडर समजणारा माणूस मात्र लवकर तयार होत नाही आणि आपल्याकडच्या पावसात तर तोच लागतो. जूनपासून हवा दमट झाली की कालचं सेटिंग आज चालेलच असं नाही. आम्ही रोज सकाळी दार उघडायच्या आधी दोन-तीन शॉट फक्त त्यासाठी काढतो.

मृगधारा

@कपबशी, वाचून बरं वाटलं. मी शेजारच्या एका शहरात दीड महिन्याचा कोर्स केला. वर्गात 14 जण, मशीन एक. ग्राइंडरला हात लावायला मनाई होती, कारण कुणी सेटिंग हलवलं की पुढच्या बॅचला त्रास. सर सकाळी लावून ठेवायचे, आम्ही बटण दाबायचो. दुधाऐवजी पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब, त्यावर फेस करायचा सराव. खरं दूध आठवड्यातून एकदा.

नोकरी लागल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं की साबणाचं पाणी करपत नाही. फेस छान यायचा, पण दूध सत्तर अंशांच्या वर जायचं आणि त्याला शिजलेला वास यायचा. तिथल्या सीनियर दादांनी बोटानं शिकवलं. दुधाच्या भांड्याच्या बुडाशी हात धरायचा, हवा फक्त सुरुवातीला घ्यायची, मग वाफेची नळी जरा खाली नेऊन दूध नुसतं फिरवायचं, आणि हात ठेवणं जड वाटू लागलं की वाफ बंद. ते 60-65 ला थांबतं. हे त्यांच्याकडून दोन दिवसांत आलं.

तरी कोर्स वाया गेला असं मी म्हणणार नाही. त्या कागदामुळेच मला ट्रायलला बोलावलं होतं.

कपबशी

साबणाच्या पाण्यात चूक नाही, पहिला तासभर मनगट वळायला ते चांगलंच. अडचण कोर्सभर तेच वापरलं तर होते. दूध रोज वेगळं वागतं. टोन्डमध्ये साधारण 3 टक्के फॅट, फुल क्रीममध्ये 6. फेस धरून ठेवतात ती दुधातली प्रथिनं, आणि दूध शिळं व्हायला लागलं की फेस मोठ्या बुडबुड्यांचा येऊन लगेच बसतो. फ्रीजमधून काढलेलं थंड दूध घेतलं तर हाताला वेळ मिळतो. बाहेर राहिलेलं दूध फेस व्हायच्या आतच गरम होतं. हे सगळं खऱ्या दुधावरच कळणार.

@रानजाई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला यातूनच उत्तर मिळेल. क्लासवाल्याला एकच विचारा: रोज दूध किती लिटर घेता?

हिशेब करून दाखवतो. समजा 12 मुलं, दोन ग्रुपचं एक मशीन, रोज 3 तास. त्यातला एक तास बोलण्यात जातो, दोन उरले. एक कप करायचा म्हणजे पावडर, शॉट, दूध, ओतणं आणि पुसणं, 5 मिनिटं धरू. दोघं एका वेळी. म्हणजे दोन तासांत 48 कप, एकेकाच्या वाट्याला 4. कपाला 150 मिली दूध धरलं तर दिवसाला सव्वासात लिटर लागलं पाहिजे आणि बिया 850 ग्रॅमच्या वर. त्यांनी 'दोन-तीन लिटर घेतो' असं सांगितलं तर मुलाच्या हाताला दिवसाला दीड कप येतो. मग कोर्स 3 महिन्यांचा असो की 6.

मृगधारा

5 मिनिटं फार कमी धरलीत सर 🙂 आम्हाला सुरुवातीला एका कपाला दहा लागायची, आणि निम्मं दूध ओट्यावर.

कपबशी

मान्य. मग वाट्याला 2 येतील. म्हणून तर डोकी किती आणि मशीन किती, हेच आधी बघायचं. एका मशीनवर चार मुलं असतील तर चार दिवसांतसुद्धा हात बसायला लागतो.

निपाणकर

फॉस्टॅकचं समजलं, धन्यवाद. खरं 'आंतरराष्ट्रीय' कागदाला वजन असणारच की. उद्या पोरगा बाहेर गेला तर? तो एससीएचा असला म्हणजे जगात चालतो ना?

मृगधारा

एससीएचा असेल तर चालतो, 'एससीएच्या मानकांनुसार' असेल तर नाही. यातच बरीच मुलं फसतात.

एससीए म्हणजे स्पेशालिटी कॉफी असोसिएशन. अमेरिकेची आणि युरोपची अशा दोन संस्था 2017 साली एकत्र आल्या, त्यातून ती झाली. त्यांच्या कोर्सचे विषय वेगवेगळे असतात. बरिस्ता स्किल्स, ब्रुइंग, रोस्टिंग, सेन्सरी वगैरे, आणि प्रत्येकाला फाउंडेशन, इंटरमिजिएट, प्रोफेशनल अशा पायऱ्या. त्यांनी मान्यता दिलेला ट्रेनर शिकवतो, परीक्षा घेतो, आणि सर्टिफिकेट एससीएकडून येतं, क्लासकडून नाही. म्हणून क्लासला विचारायचं की तुमचा मान्यताप्राप्त ट्रेनर कोण, आणि सर्टिफिकेटची फी या 45 हजारांत आहे की वेगळी. उत्तर गोलगोल आलं तर कागद त्यांच्याच प्रिंटरवरचा आहे असं समजायचं.

फाउंडेशन ही अगदी पहिली पायरी, एक-दोन दिवसांचं काम. तेवढ्यावर कुणी बरिस्ता होत नाही. इंटरमिजिएटला जायच्या आधी काही महिने मशीनवर काम केलेलं असेल तरच पैसे सार्थकी लागतात, असं माझं मत.

सह्यगिरी

मूळचा चंदगडचा, आता गोव्यात बारमध्ये आहे. धाग्यात बारटेंडिंगचं नाव आहे खरं सगळे कॉफीवरच बोलताहेत, म्हणून लिहितो.

एका डिप्लोमात दोन्ही शिकवतो म्हणणाऱ्याला विचारा की कुठल्या विषयाला किती दिवस. दोन्ही कामांत पाहुण्याशी बोलणं आणि ओटा स्वच्छ ठेवणं एवढंच सारखं. बाकी हात वेगळा, वेळ वेगळी, मालकही वेगळा.

बेळगावातल्या बारचं म्हणाल तर बहुतेक ठिकाणी बिअर आणि पेग. सीएल-9 लायसन्सच्या बार अँड रेस्टॉरंटमध्ये मालकाला कॉकटेलवाला नको असतो. माप नीट देणारा आणि रात्री स्टॉक जुळवणारा माणूस हवा असतो. 750 मिलीच्या बाटलीत 60 चे साडेबारा पेग. हात जरा सैल असला आणि दर पेगला 5 मिली जास्त गेले, की साडेअकराच निघतात. बाटलीमागे एक मोठा पेग मालकाच्या खिशातून गेला. आमच्याकडे ट्रायलला हेच बघतात. डोळ्यांच्या अंदाजानं 30 ओतायला सांगतात, मग ते मापात ओतून बघतात. दहादा.

बाटल्या हवेत उडवायचं शिकवणारे क्लास दिसायला भारी. मी चार वर्षांत कामावर एकदाही बाटली उडवलेली नाही. रोजचं काम म्हणजे लिंबू ताजं पिळणं, साखरेचा पाक करून ठेवणं, बर्फ पुरवणं, गर्दीत तीन ऑर्डरी डोक्यात ठेवणं. व्हिस्की सावर मागितली तर 60 व्हिस्की, 30 लिंबू, 20-25 पाक, भरपूर बर्फ घालून जोरात हलवायची. बर्फ कमी घातला तर तो लवकर वितळतो आणि पेय पाणचट लागतं. क्लासमध्ये रंगीत पाण्यावर शिकवतात, ओतायचा सराव त्यावर होतो. लिंबू आणि पाक यांचा तोल मात्र चवीशिवाय येत नाही. त्यामुळे लिंबू-पाकाचा सराव तरी खऱ्या मालावर देता का, एवढं विचारा. त्याला दारू लागत नाही.

चिकोडी_एक्सप्रेस

माझ्या मुलाला क्रूझवर जायचंय, त्यासाठी हा डिप्लोमा चालेल का? तिकडे बरिस्ता-बारटेंडर दोन्ही मागतात म्हणे.

सह्यगिरी

काका, जहाजाचं वेगळं आहे. तिकडे कागद लागतातच, खरं पहिला कागद सुरक्षेचा. एसटीसीडब्ल्यूचं बेसिक ट्रेनिंग मान्यताप्राप्त संस्थेत करायचं, म्हणजे आग विझवणं, पाण्यात जीव वाचवणं वगैरे, आणि मेडिकल. बारच्या बाबतीत एजन्सी आधी अनुभव विचारते. माझे दोन मित्र गेले, दोघंही आधी इकडच्या हॉटेलांत काम करून. वाइन-स्पिरिटसाठी लंडनच्या डब्ल्यूएसईटीचा कागद असला तर मोठ्या हॉटेलांत आणि जहाजावर त्याला मान आहे, खरं तो चवीच्या आणि माहितीच्या अभ्यासाचा. त्यात शेकर हलवायला शिकवत नाहीत. आणि एजंटानं आधी मोठी रक्कम मागितली तर तिथेच थांबा.

अण्णा_शहापूर

पोराचं वय काय? बारमध्ये ठेवायचं म्हणजे घरी विचार करा.

रानजाई

21 पूर्ण, अण्णा. त्याला स्वतःलाही बारचं मन नाही. डिप्लोमात दोन्ही आहे म्हणून शीर्षकात लिहिलं.

कपबशी

मग निम्मे पैसे त्याला नको असलेल्या विषयाचे जाणार, हे धरून चला.

रानजाई

आज आम्ही दोघं त्या क्लासला जाऊन आलो. तुम्ही सांगितलेलं सगळं विचारलं. बॅच 16 जणांची. मशीन एक, तेही एकाच ग्रुपचं. दुधाचं विचारल्यावर समोरच्या मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, 'लागेल तसं आणतो'. 3 महिन्यांत कॉफीचे दिवस 24, बाकी बार, व्यक्तिमत्त्व विकास आणि इंग्रजी बोलणं. सर्टिफिकेट त्यांच्या संस्थेचं. नोकरीच्या हमीबद्दल लेखी मागितलं तर 'मुलाखतीची हमी' असं लिहून देतो म्हणाल्या.

शिकवणारे सर मात्र चांगले वाटले. भावाला त्यांनी ग्राइंडर उघडून पाती दाखवली.

बेंगळुरूच्या ठिकाणी फोन केला. एका बॅचला सहा जण, दोन मशीन, पाच दिवस, रोज सहा तास. आपल्या हातानं ग्राइंडर लावणं हा पूर्ण एक दिवस. एससीएचं फाउंडेशन हवं असेल तर परीक्षा आणि सर्टिफिकेटची फी वेगळी, असं त्यांनी आपणहून सांगितलं.

मृगधारा

बेंगळुरूला जाणारच असेल तर कॉफी बोर्डाच्या 'कापी शास्त्र'चीही चौकशी करून ठेव म्हणावं. सरकारी आहे. त्यात बी, भाजणं, चव असा कॉफीचा सगळा प्रवास शिकवतात. मशीनवरच्या वेगासाठी तो नाही. खरं भाजणी कळली की ग्राइंडरवर काय चाललंय ते कळतं.

निपाणकर

माझं मत थोडं बदललंय, थोडं तसंच आहे. पाच दिवसांनी परत आल्यावर बेळगावात हात ठेवायला मशीन कुठून आणणार? 3 महिने रोज तिथं जाता तरी येतं. शिकलेलं महिन्याभरात विसरेल.

कपबशी

हा मुद्दा बरोबर आहे निपाणकर. पाच दिवसांचा कोर्स आणि पुढे दोन महिने हात रिकामे, तर पैसे पाण्यात. म्हणून क्रम उलटा करा असं मी म्हणेन. तो ज्या कॅफेत काउंटरवर होता तिथल्या मालकांना आधी विचारा, की मी स्वखर्चानं शिकून येतो, आल्यावर दुपारच्या कमी गर्दीच्या वेळेत मला मशीनवर उभं कराल का? दुपारी दोन ते चार आमच्याकडे सगळीकडे शांत असतं. गिऱ्हाईक ओळखीचं आहे, कानडी-मराठी-हिंदी तिन्ही बोलतो, बिलिंग येतं. असा मुलगा मी तरी सोडणार नाही. त्यांनी हो म्हटलं की मगच बेंगळुरूचं तिकीट काढा.

सह्यगिरी

मी तर म्हणेन कोर्सच नको. मी ग्लासं धुण्यापासून सुरुवात केली, सहा महिन्यांनी काउंटरच्या आत घेतलं. पैसे मिळवत शिकलो.

मृगधारा

दादा, तुम्हाला आत घेतलं. माझ्या ओळखीच्या दोन मुली दोन वर्षं कॅशवरच आहेत. मशीनवर कायम मुलगेच. कोर्सचा कागद दाखवून 'मला येतं' म्हणायला तरी जागा झाली, म्हणून मी मशीनवर पोचले. सगळ्यांना एकच वाट लागू पडत नाही.

सह्यगिरी

हे खरं आहे. हा विचार केला नव्हता.

रानजाई

कॅफेच्या मालकांशी भाऊ बोलला. दुपारच्या वेळेला ते तयार आहेत, खरं पहिला महिनाभर 'शिकाऊ' म्हणून, मशीनच्या वेळेचे पैसे नाहीत. संध्याकाळच्या काउंटरचे मिळतील. हे मान्य करावं का? बाबा म्हणतात फुकट काम करू नको.

कपबशी

ट्रायल एका दिवसाची फुकट चालते, महिना नाही. तो दुपारी बनवेल ते कप गिऱ्हाइकाला विकले जाणार असतील तर ते काम झालं, त्याचे पैसे मिळायला हवेत. विकले जाणार नसतील, नुसता सराव असेल, तर दूध-बिया मालकाच्या जातात, मग समजून घेता येईल. नेमकं काय ते आधी बोलून घ्या. मी आमच्याकडे पहिले आठ दिवस सराव धरतो, नवव्या दिवसापासून पगार.

अण्णा_शहापूर

आठ दिवस बरोबर आहे. महिना जास्त होतो. आणि मालकाला म्हणावं, त्याच दुपारच्या वेळेत फिल्टर कॉफी सुरू करा, पोरगा तीही करील.

रानजाई

@कपबशी, उद्या दोघं जाऊन आठ दिवसांचं बोलून बघतो. ते नाही म्हणाले तर तुमच्याकडे ट्रायलला पाठवलं तर चालेल का?

कपबशी

पाठवा. सकाळी साडेसातला, दार उघडायच्या आधी. ग्राइंडर बिघडवून ठेवतो.